कोनशिलेवरचं रोमन साल वाचायला मदत हवी (MDCCC ? XX ? II)

पडवी
नमस्कार मंडळी. एका जुन्या दगडी इमारतीची माहिती गोळा करतोय. तिच्या कोपऱ्यात जमिनीपासून हातभर उंचीवर कोनशिला आहे. नावांच्या ओळी झिजल्यात. तारखेच्या ओळीत 15 नोव्हेंबर स्पष्ट दिसतं, पण त्याआधी वार होता आणि त्याची फक्त शेवटची SDAY ही चार अक्षरं उरलीत. सर्वांत खाली रोमन आकड्यांत साल आहे.

कधीतरी कोणीतरी अक्षरांत काळा ऑइल पेंट भरलाय. रंगाप्रमाणे वाचलं तर MDCCCIXX असं दिसतं. मग एक अक्षर अर्धं उडालंय, तिथे पूर्वी पाइपची क्लॅम्प ठोकली असावी. त्या अक्षराची फक्त वरची डावी तिरकी रेघ शिल्लक आहे. त्यानंतर II. उडालेलं अक्षर V धरून MDCCCIXXVII असं दोन-तीन ऑनलाइन कन्व्हर्टरमध्ये टाकलं. दोघांनी 'इनव्हॅलिड' म्हटलं, एकाने भलताच आकडा दिला.

टॉर्च डावीकडून तिरपा धरून फोटो काढलेत. साल काय असेल?

भोपळे चौकशी
सोपं आहे. लहान आकडा मोठ्याच्या आधी आला की वजा करायचा. IX म्हणजे 9, तसं IXX म्हणजे 19. MDCCC म्हणजे 1800. अधिक 19, अधिक VII चे 7. एकूण 1826. कन्व्हर्टरना एवढंही येत नाही.

रिकामा वेळ
@भोपळे, 26 लिहायला XXVI ही चार अक्षरं पुरतात. त्याऐवजी आधी 19 आणि मग 7 अशी सहा अक्षरं कोण कोरेल? दगड कोरणाऱ्याला दर अक्षराचे कष्ट पडतात हो.

भोपळे चौकशी
जुन्या लोकांनी नियम पाळले नाहीत याची ढिगाने उदाहरणं आहेत. खुद्द रोमन लोक अठरा हा आकडा XIIX असा लिहायचे.

टाकीचे घाव
XIIX बद्दल भोपळ्यांचं बरोबर आहे. मार्कुस काएलियुस नावाच्या रोमन सैनिकी अधिकाऱ्याचा स्मृतिशिळालेख प्रसिद्ध आहे, त्यावर अठराव्या लीजनचा आकडा XIIX असाच कोरलाय. अमेरिकेत सेंट लुइसच्या कलासंग्रहालयावर 1903 साल MDCDIII असं आहे, म्हणजे 900 साठी CM ऐवजी DCD. तेव्हा 'नियमात बसत नाही म्हणून कोरलेलंच नसेल' असं म्हणता येत नाही. पण रिकामा वेळ यांचा मुद्दा त्याहून वजनदार आहे. विचित्र लिहिणारासुद्धा एकच संख्या एका दमात लिहितो, 19 आणि 7 अशी बेरीज मांडून ठेवत नाही.

पडवी, माझी शंका वेगळीच आहे. तुम्ही जे वाचताय तो रंग आहे, दगड नव्हे. रंगाऱ्याला जेवढी खाच दिसली तेवढी त्याने भरली. मी दगडी लेखांच्या डागडुजीचं काम करतो आणि अशा शिळांवर सर्वांत जास्त फसवणारं अक्षर म्हणजे L. कारण सांगतो.

जुन्या वळणाच्या मोठ्या अक्षरांत सगळ्या रेघा सारख्या जाड नसतात. L ची उभी रेघ जाड, पायाची आडवी बारीक. छिन्नीने खाच कोरतात ती दोन्ही बाजूंनी उतरती, आणि उतार सगळीकडे साधारण तोच ठेवतात. त्यामुळे रेघ जितकी अरुंद तितकी ती आपोआप उथळ होते. दगडाचा वरचा पापुद्रा दोन-तीन मिलिमीटर झिजला की जाड रेघ बारीक होऊन टिकते आणि बारीक रेघ नाहीशीच होते. L चा I होतो. नंतर रंगारी येतो आणि त्या I वर शिक्कामोर्तब करतो.

तुमच्या लेखात तो I असूच शकत नाही असं मी अजून म्हणत नाही. पण तिथे L धरा, सगळं सरळ होतं: MDCCCLXX म्हणजे 1870, आणि पुढे एकेरी आकडा.

एक सांगा, टॉर्च फक्त डावीकडूनच धरला होता का?

पडवी
हो, डावीकडून आणि एकदा उजवीकडून. तिरपा उजेड टाकायचा एवढंच ऐकलं होतं.

टाकीचे घाव
मग L चा पाय असला तरी दिसणार नाही. खाच दिसते ती तिच्या एका काठाची सावली आत पडते म्हणून. उजेड रेघेला आडवा आला तरच सावली पडते. डावी-उजवीकडून आलेला उजेड आडव्या रेघेच्या लांबीतून सरळ निघून जातो, सावलीच नाही. उभ्या रेघा मात्र ठळक दिसतात. म्हणून त्याच जागी उजेड एकदा वरून, एकदा खालून आणि दोन्ही तिरक्या दिशांनी टाका. टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवून, अंधार पडल्यावर. कॅमेरा अजिबात हलवू नका, फक्त टॉर्चची जागा बदला, म्हणजे फोटो एकमेकांवर ठेवून बघता येतील.

आणि कृपा करून रंग खरवडू नका. तारेचा ब्रश, अॅसिड, थिनर काही नको. रंगाखालची दोन मिलिमीटरची खाच हाच तुमचा सगळा पुरावा आहे.

माहेरवाशीण
अगदी वेळेवर धागा निघाला! आम्ही नवीन घर बांधतोय आणि नवऱ्याला दारावर रोमन आकड्यांत साल हवंय. 2026 कसं लिहायचं? आणि ते शुभ-अशुभ काही असतं का?

रिकामा वेळ
@माहेरवाशीण, MMXXVI. शुभाशुभाचं इथे कोणी सांगेलसं वाटत नाही. धागा जुनं साल *वाचण्याबद्दल* आहे ताई.

टाकीचे घाव
ताईंना एक फुकटचा सल्ला. कोरणाऱ्याच्या हाती पूर्ण मापाचं कागदी रेखाटन द्या, फोनवर आकडा पाठवू नका. आणि सगळ्या रेघा सारख्या जाडीच्या घ्या, शंभर वर्षांनी कोणाला असा धागा काढावा लागू नये.

माहेरवाशीण
हाहा. धन्यवाद दादा, चालू द्या तुमचं.

भिंगरी
मला एक शंका आहे. बुजलेलं अक्षर L च कशावरून? CCC नंतर आणखी एक C असेल तर? MDCCCC म्हणजे 1900 आणि मग साल 192x होईल. किंवा X असेल तर MDCCCXXX, म्हणजे 183x.

भोपळे चौकशी
चार C चालतच नाहीत. एक चिन्ह तीनदाच. 1900 म्हणजे MCM. तो पर्याय बाद.

टाकीचे घाव
भिंगरीची शंका रास्त आहे, आणि भोपळे, तो पर्याय असा बाद होत नाही. तीनचा नियम शाळेतला आहे, दगडावर तो सर्रास मोडलेला दिसतो. रोममधल्या कलोसियमच्या दारांवरचे क्रमांक अजून वाचता येतात, त्यात 54 हा LIIII असा आहे. अलीकडचं हवं तर लंडनची अॅडमिरल्टी आर्च बघा, तिच्यावर 1910 साल MDCCCCX असं आहे. मुंबईच्या गेटवेवर 1911 मात्र MCMXI. एका वर्षाचा फरक आणि दोन पद्धती. त्यामुळे चार C नियमावर नाही, आकारावर तपासायचे.

C असता तर त्याच्या पाठीचा जाड भाग गोलाकार उरला असता, सरळ काठी उरली नसती. X असता तर जाड रेघ तिरकी उरली असती, डावीकडून वर सुरू होऊन उजवीकडे खाली जाणारी. पडवी म्हणतात रंगाऱ्याने I भरलाय, म्हणजे त्याला तिथे उभी सरळ खाच दिसली. उभी सरळ खाच राखणारी अक्षरं I, L आणि D. D दुसऱ्यांदा इथे येणार नाही. I आला तर आकडा जुळत नाही. उरला L.

भिंगरी
पटलं. पण मग शेवटचं फुटकं अक्षर? ते V किंवा X, दोन्हीची डावी रेघ तिरकीच असते ना?

टाकीचे घाव
हो, आणि खरा पेच तोच आहे. दोन्ही अक्षरांत जाड रेघ तीच, वरून डावीकडून उतरणारी. बारीक रेघ उडाली की V आणि X सारखेच दिसू लागतात. एवढं मात्र नक्की की तिरकी रेघ आहे म्हणजे तो I नाही, तेव्हा 1873 (LXXIII) गेलं. उरले दोन: MDCCCLXXVII म्हणजे 1877 आणि MDCCCLXXXII म्हणजे 1882.

गणितवेडी
थांबा, तारीख आहे ना! 15 नोव्हेंबर आणि वाराची SDAY ही अक्षरं. वारावरून निवडता येईल.

मी मोजलं. 1 जानेवारी 1877 ला सोमवार होता. साधारण वर्षात 15 नोव्हेंबर हा 319 वा दिवस, म्हणजे 1 जानेवारीनंतर 318 दिवसांनी. 318 ला 7 ने भागून बाकी 3. सोमवारनंतर तीन दिवस, गुरुवार. 1882 चा 1 जानेवारी रविवार, तेव्हा 15 नोव्हेंबर बुधवार. आणि 1873 चा तो दिवस शनिवार येतो.

आता गंमत. इंग्रजीत मंगळवार, बुधवार, गुरुवार या तिन्हींचा शेवट SDAY. शनिवारचा नाही. म्हणजे 1873 दुसऱ्यांदा बाद, पण 1877 आणि 1882 दोघेही शाबूत! नशीबच खराब आहे पडवींचं.

पडवी
😄 खरंच. बरं, इमारतीबद्दल एका जुन्या स्मरणिकेत 'सन 1882' असं छापलेलं आहे. आधी सांगितलं नाही, कारण कोणाच्या वाचण्यावर परिणाम व्हायला नको होता.

भोपळे चौकशी
झालं मग! छापील पुरावा आहे. 1882. धागा बंद करा.

टाकीचे घाव
छापील पुरावा असेल, पण स्मरणिका लिहिणाऱ्याने ते साल कुठून घेतलं? हीच शिळा वाचून घेतलं असेल तर ते दुसरं मत नव्हे, आपल्याच कोड्याचं कोणीतरी आधी दिलेलं उत्तर. स्वतंत्र कागद असेल तर गोष्ट वेगळी.

पडवी, अजून दोन मापं घ्या.

एक, उडालेल्या अक्षराच्या रेघेचा उतार. V ची डावी रेघ वरच्या कोपऱ्यातून निघून अक्षराच्या *मध्यावर* उतरते. X ची तीच रेघ पार उजव्या कोपऱ्यापर्यंत जाते. म्हणून V ची रेघ जास्त उभी. शेजारीच दोन धड X आहेत. ट्रेसिंग पेपर हलकेच टेकवून एका X ची जाड रेघ उतरवा आणि तो कागद फुटक्या अक्षरावर धरा.

दोन, वाराची जागा. ओळ मधोमध कोरली असेल तर NOVEMBER च्या उजवीकडे जेवढी मोकळी जागा तेवढीच डावीकडे असणार. त्यावरून S च्या आधी किती जागेत अक्षरं होती ते निघेल. THUR ही चार, WEDNE ही पाच, शिवाय W चांगलाच रुंद.

आजीची पेटी
मध्येच घुसते, माफ करा. प्रवासात काढलेल्या एका फोटोत दारावर CIↃ IↃ CC XLV असं कोरलंय. त्यात C उलटा आहे! पाथरवटाची चूक असावी असं आमचे गाइडसाहेब म्हणाले होते.

टाकीचे घाव
चूक नाही. CIↃ ही 1000 लिहायची जुनी पद्धत आहे आणि IↃ म्हणजे 500. तुमचं साल 1745. सतराव्या-अठराव्या शतकात छापील पुस्तकांवरही अशी सालं भरपूर दिसतात. उलटा C दिसला की आधी हेच तपासायचं.

पडवी
काल रात्री जाऊन आलो. सोबत भाचा होता टॉर्च धरायला.

आधी L. वरून उजेड टाकल्याबरोबर उभ्या रेघेच्या पायाशी उजवीकडे जाणारी आडवी सावली दिसली! रंग तिथे नाहीच, नुसत्या दगडात पुसट उतार आहे. लांबी अक्षराच्या उंचीच्या जवळपास निम्मी. खालून उजेड टाकला तरी त्याच जागी. आणि आता लक्षात येतंय की त्या 'I' नंतरची मोकळी जागा बाकीच्यांपेक्षा मोठी आहे.

फुटकं अक्षर. अक्षरांची उंची 8 सेंटीमीटर. शिल्लक रेघ वरून 3 सेंटीमीटर आहे. तेवढ्यात ती उजवीकडे जेमतेम सव्वा सेंटीमीटर सरकते. शेजारच्या X ची जाड रेघ तेवढ्याच उतारात सव्वादोन सेंटीमीटर सरकते. ट्रेसिंग ठेवल्यावर दोन्ही रेघा स्पष्ट वेगळ्या जातात.

वाराची ओळ. उजवीकडे मोकळी जागा 8 सेंटीमीटर. डाव्या काठापासून S पर्यंत 23. म्हणजे अक्षरांना 15 उरतात. SDAY ही चार अक्षरं 14 मध्ये बसलीत.

गणितवेडी
THUR! चार अक्षरांना 15 अगदी बसतात. WEDNE ला W धरून 19 तरी लागले असते. गुरुवार, 15 नोव्हेंबर 1877.

टाकीचे घाव
उताराचं माप मला जास्त भरवशाचं वाटतं. ओळ मधोमध असते हे गृहीत आहे, आणि पाथरवट नेहमी तेवढे काटेकोर नसतात. बाकीच्या ओळींच्या दोन्ही बाजूंच्या जागा मोजल्यात का?

पडवी
दोन ओळी धड आहेत. एकीत फरक अर्धा सेंटीमीटर, दुसरीत एक.

टाकीचे घाव
मग चार सेंटीमीटरची चूक इथेच झाली असेल असं मानायला जागा कमी. दोन वेगवेगळ्या ओळी, दोन वेगळी मापं, आणि दोन्ही एकाच सालाकडे बोट दाखवतात. मी 1877 म्हणेन. अट एकच: माझं हे सगळं अक्षरांच्या जाड-बारीक रेघा धरून आहे. सारख्या जाडीची ठोकळा अक्षरं असती किंवा शिशाची अक्षरं बसवलेली असती, तर L चा I होण्याचं गणित लागू पडलं नसतं. शिसं गळून पडलं तर खुंट्यांची भोकं मोजायची असतात, तो निराळाच खेळ.

भोपळे चौकशी
आणि स्मरणिकेतलं 1882 काय हवेतून आलं? पायाभरणी 1877 ला झाली असेल आणि इमारत 1882 ला पूर्ण झाली असेल. दोन्ही खरं. कोनशिला पाया घालताना बसवतात, उद्घाटनाला नाही.

भिंगरी
हे मात्र पटण्यासारखं आहे. गेटवेचंच बघा. तिच्यावर MCMXI आहे, पण ते राजाराणी उतरल्याचं साल. पायाभरणी 31 मार्च 1913 ला आणि उद्घाटन 1924 ला. दगडावरचं साल वाचून 'इमारत अमुक सालची' म्हणणारा तिथे दोन्हीकडून चुकेल.

टाकीचे घाव
शक्य आहे. पण तसं म्हणायला स्मरणिकेपलीकडचं काहीतरी लागेल. कारण स्मरणिकाकाराने शेवटची अक्षरं XXXII अशी वाचली असती तरी त्याला 1882 च मिळालं असतं. फुटक्या V ला X समजायचा अवकाश. योगायोगाने दोन सालं पाच वर्षांच्या अंतरावर आलीत की एकाच दगडाची दोन वाचनं झालीत, हे शिळा सांगू शकत नाही.

भोपळे चौकशी
त्याने L ओळखला आणि V ओळखला नाही?

टाकीचे घाव
तेव्हा रंगाने L चा I केलेला नसेल, आणि क्लॅम्प आधीच ठोकलेली असेल. स्मरणिका कोणत्या साली निघाली आणि रंग केव्हा भरला, यावर ते अवलंबून आहे.

पडवी
स्मरणिकेवर साल नाही 🙂 पण तिच्यात इमारतीचा एक फोटो आहे, कोपऱ्यासकट. त्या फोटोत क्लॅम्प आहे की नाही ते मूळ प्रत मिळवून भिंगाने बघतो. पायाभरणीच्या दुसऱ्या दिवशीच्या, म्हणजे 16 नोव्हेंबर 1877 च्या वर्तमानपत्रात बातमी सापडते का तेही शोधायला सांगितलंय. तोपर्यंत नोंदीत 'शिळेवरील साल: 1877 (V अंशतः नष्ट)' असं लिहून ठेवतो आणि इमारतीचं साल रिकामं सोडतो.

गणितवेडी
16 नाही मिळालं तर 17 आणि 19 पण बघा. 18 ला रविवार होता.